अनुभव धागा: ठाणे ते वर्धा, पाच जण, लग्नाचं सामान. दारापासून दारापर्यंत खर्च किती?

घोडबंदरकर_सून:
नणंदेच्या लग्नाला जाताना आम्ही विमान घेतलं आणि येताना रेल्वे. नवरा, मी, सासूबाई, मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. जाताना नागपूरचं विमान प्रत्येकी ५,२०० रुपयांना मिळालं आणि मी खूश झाले. पण दोन वर्षांवरच्या मुलांचं तिकीट पूर्ण लागतं, म्हणून पाच तिकिटांचे २६,००० झाले. संकेतस्थळाचं शुल्क माणशी ३५०, म्हणजे १,७५०. ते पैसे भरायच्या शेवटच्या पानावर दिसलं.

खरा फटका सामानाचा. माणशी १५ किलो, पाच जणांचे ७५. आमच्या बॅगा भरल्या ८७, कारण आहेराची तांब्याची भांडी सासूबाईंनी शेवटच्या रात्री घातली. काउंटरवर जादा १२ किलोचे किलोमागे ५५० प्रमाणे ६,६०० घेतले. भांड्यांची किंमत त्याहून कमी होती! कासारवडवलीहून मोठी गाडी १,४०० आणि नागपूर विमानतळावरून वर्ध्याला ७५ किलोमीटर, २,८०० रुपये. एकूण ३८,५५०.

येताना विदर्भ एक्स्प्रेस. ती वर्ध्याला थांबते आणि ठाण्यालाही. थर्ड एसीची चार तिकिटं साधारण ५,२००, चार वर्षांच्या मुलीचं काहीच नाही. हमाल, दोन्हीकडच्या रिक्षा आणि जेवण धरून ६,७५०. तुमचे हिशेब सांगा.

बेलापूरचे_आजोबा:
सूनबाई, मुलाला बर्थ घेतलात म्हणून पूर्ण भाडं लागलं. पाच ते बारा वयाला बर्थ न घेता अर्धं तिकीट मिळतं. रात्रभर सात वर्षांचं पोर मांडीवर घेणार असाल तर घ्या. मी नातवाबरोबर एकदा घेतलं आणि मनमाडपर्यंतसुद्धा डोळा लागला नाही. सामानाचंही सांगतो. थर्ड एसीत माणशी ४० किलो फुकट, म्हणजे तुम्हा तिघा मोठ्यांचेच १२०. भांडी अजून मावली असती. ऑनलाइन शुल्क तिथेही आहे, पण ते एका तिकिटाला एकदा, माणशी नाही.

कोपरखैरणे_दादा:
बस का नको? एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट. आम्ही याच हिशेबाने मागच्या मेमध्ये गोव्याला गेलो.

बेलापूरचे_आजोबा:
दादा, ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. पुढचं भाडं पूर्ण लागतं. आणि प्रश्न वर्ध्याचा आहे.

कोपरखैरणे_दादा:
हो का! म्हणूनच कंडक्टरने बायकोकडून पुढचे पैसे वेगळे घेतले. मला वाटलं तो फसवतोय, दोडामार्गापर्यंत भांडत होतो.

माजिवडा_मीनल:
खासगी स्लीपरने समृद्धीवरून गेले. एरवी १,२०० ची सीट दिवाळीत २,४०० ला. खासगी गाड्यांनी एसटीच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही असा २०१८ पासूनचा नियम आहे, पण बस पकडायची की तक्रार करायची? शिवाय गाडी नागपूरची. वर्ध्यासाठी पहाटे पाचला महामार्गाच्या फाट्यावर उतरवलं, रिक्षा नाही, पोरगं झोपेत. भावाने गाडी आणली तेव्हा सुटका झाली. तो खर्च कुठल्या रकान्यात लिहू?

नेरूळची_तन्वी:
विमान सरसकट महाग म्हणू नका. आम्ही दोघंच, पाठीवर सात-सात किलोच्या पिशव्या, उतरायचं नागपुरातच. एक रजा वाचली, माझ्यासाठी तेच भाडं वसूल. पण सगळ्यात स्वस्त तिकीट डोळे उघडे ठेवून घ्या. काहींत चेक-इन बॅगच धरलेली नसते. आणि सामान वाढणार असेल तर आधी ऑनलाइन घ्या, काउंटरपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

घोडबंदरकर_सून:
तन्वी, हेच कळायला उशीर झाला. आता घरी लटकवायचा वजनकाटा आणलाय, सासूबाईंच्या हातात दिलाय.

कोपरखैरणे_दादा:
नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, तिथून गेलात तर टॅक्सी स्वस्त पडेल ना?

नेरूळची_तन्वी:
मला पडेल, तुम्हालाही. पण कासारवडवलीहून उलवे गाठायचं म्हणजे पूर्ण ठाणे आणि नवी मुंबई ओलांडायची, त्यांना सहारच जवळ. वर्ध्याच्या टोकाचे २,८०० तर कुठूनही उडा, जाणारच.

माजिवडा_मीनल:
रेल्वेचं सगळं गणित कन्फर्म तिकिटावर उभं आहे. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं तेव्हा लग्नाची तारीख ठरलेली असते का कुणाकडे? सूनबाई, तुम्हाला परतीचं कसं मिळालं?

घोडबंदरकर_सून:
दोन कन्फर्म, दोन आरएसी. मी आणि सासूबाई नाशिकपर्यंत एका बाजूच्या बर्थवर पाय दुमडून बसलो होतो. त्याचे पैसे मात्र मी धरलेले नाहीत.