मदत हवी आहे: अभिप्राय मागणारा मेसेज तपासून द्याल का?

‘आमच्याबद्दल दोन शब्द लिहा’ म्हटलं की खूश असलेला क्लायंटही ‘हो, पाठवतो’ म्हणून थांबतो, कारण काय लिहायचं हे त्यालाच ठरवावं लागतं. म्हणून त्याचंच वाक्य परत पाठवायचा विचार आहे. मसुदा असा:

“काल तुम्ही म्हणालात, ‘महिन्याचा हिशोब आता दोन दिवसांऐवजी दोन तासांत होतो.’ हे वाक्य तुमच्या नावासह वेबसाइटवर टाकू का? चालत असेल तर फक्त ‘हो’ कळवा. बदल हवा असल्यास सांगा. नाव नको असेल तर फक्त व्यवसाय लिहू.”

त्याच्या तोंडी नसलेलं कौतुक मुद्दाम घातलेलं नाही. तसं केलं की वाक्य जाहिरातीसारखं वाचलं जातं आणि क्लायंटही अवघडतो.

दोन गोष्टी अडल्यात. क्लायंट नुसतं ‘छान काम’ एवढंच म्हणाला असेल, तर ‘आधी काय अडत होतं?’ एवढा एकच प्रश्न पुरेल का? आणि उत्तर आलं नाही, तर आठवण किती दिवसांनी करावी?