मोबाईलवर जमतं, बायकोसोबत नाही. दोष पॉर्नचा की भीतीचा?

गिरणाकाठ (चाळीसगाव):
वय 27, लग्नाला पाच महिने झाले. मोबाईलवर बघताना सगळं व्यवस्थित होतं, पण मिसेससोबत असलो की दोन मिनिटांत सगळं गळून जातं. आधी साधे व्हिडिओ बघायचो, आता असलं काही बघतो की बघून झाल्यावर स्वतःचीच किळस येते. यूट्यूबवर सांगतात मेंदू खराब होतो, 90 दिवस बंद ठेवा, रिबूट होतो. याला खरंच पुरावा आहे का, की नुसत्या गोष्टी?

कपाशीवाला (अमळनेर):
भाऊ, शंभर टक्के पॉर्नच आहे, मी स्वतः यातून गेलोय. माझं लग्न व्हायचं होतं पण गर्लफ्रेंडसोबत हेच व्हायचं. चार महिने बंद केलं, पहिले पाचसहा आठवडे तर इच्छाच मेली होती, मग हळूहळू परत आलं, आज सगळं ठीक आहे. सायन्स सोपं आहे, रोज नवनवीन बघून मेंदूत मजा जाणवून देणाऱ्या डोपामिनचे रिसेप्टर जळून जातात, मग साधं बघून काही होत नाही म्हणून माणूस अजून कडक बघतो, मग अजून कडक, आणि शेवटी खऱ्या बाईकडे बघून काहीच होत नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या नेव्हीच्या डॉक्टरांचा पेपर आलाय, त्यात पेशंटच्या केसेस आहेत. तुझी किळस हीच त्याची खूण आहे. आजच बंद कर.

जंक्शन (भुसावळ):
मला बी दोन वर्षं हाच त्रास झाला पण मी असलं कधी बघत नाही, रेल्वेत ड्युटी, वेळ कुठे. वय 48. आधी वाटलं वय झालं, एका वैद्याकडे गेलो तर तो म्हणे धातू जातेय, चूर्ण दिलं, पैसे गेले. मग कंपल्सरी मेडिकलमध्ये शुगर निघाली 290. शुगर आटोक्यात आली तसा थोडा फरक पडला, पूर्ण नाही. तू आधी शुगर तपास भो, लाजू नको.

ओपीडी_धुळे:
जंक्शन दादा, तुमची गोष्ट खरी आहे पण ह्या भावाचं दुखणं वेगळं दिसतंय. शुगरने नसा आणि रक्तवाहिन्या बिघडल्या तर त्या सगळीकडे बिघडतात, मोबाईलसमोर चांगल्या आणि बायकोसमोर खराब असं होत नाही, आणि बहुतेकदा झोपेत पहाटे येणारा ताठरपणा पण कमी होत जातो. तपासणी तरी करावीच, शुगर, बीपी, टेस्टोस्टेरॉन, आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरला सांगावं, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी हे होतं. आणि मेडिकलवरून मनाने सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रावाली गोळी, आणून खाऊ नका, छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर त्या दोन्हीने बीपी धाडकन कोसळतं.

आता मूळ मुद्दा. कपाशीवाला भाऊंनी दोन वेगळ्या गोष्टी एकात बांधल्यात, त्या मी सोडवून सांगतो. एक, तेच तेच बघून उत्तेजना कमी होणं. हे पक्कं आहे, लॅबमध्ये कितीदा मोजलंय. माणसाला एकच क्लिप पुन्हा पुन्हा दाखवली की लिंगाचा प्रतिसाद उतरत जातो, आणि नवीन क्लिप लावली की परत चढतो. उंदरांमध्ये पण दिसतं, थकलेला नर नवीन मादी आणली की परत तयार. दोन, यातून माणूस कडक, हिंसक, विकृत गोष्टींकडे घसरतच जातो. हे पहिल्यातून आपोआप निघत नाही. लॅबमधली दुसरी क्लिप जास्त कडक नव्हती हो, फक्त नवीन होती! नवेपणा आणि तीव्रता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यूट्यूबवाले नेमकं इथेच उडी मारतात.

कपाशीवाला (अमळनेर):
पण भाऊ, लोक स्वतः सांगतात ना. बेल्जियमचा एक सर्वे आहे, 49 टक्के लोकांनी मान्य केलं की आधी ज्यात रस नव्हता किंवा जे घाण वाटायचं ते आता बघतात. निम्मे लोक खोटं बोलतात का?

ओपीडी_धुळे:
खोटं नाही बोलत. तो 2016 चा सर्वे मी वाचलाय, 434 पुरुष होते, सगळे आधीपासून ऑनलाईन सेक्सचं काही ना काही बघणारे. त्यात ‘आधी ज्यात रस नव्हता’ आणि ‘जे घाण वाटायचं’ हे एकाच प्रश्नात होतं, आणि कधीकधी असं होतं म्हणणाराही त्या 49 मध्ये धरलाय. आता ज्याने कुतूहल म्हणून एकदोनदा काही वेगळं उघडलं तो, आणि ज्याला आता त्याशिवाय काहीच होत नाही तो, दोघे एकाच आकड्यात गेले. शिवाय तो एकाच वेळी विचारलेला सर्वे आहे, कोण कुठून कुठे गेला ते त्यात दिसूच शकत नाही.

त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं विचारत राहावी लागतात. क्रोएशियात तसं केलं, शाळकरी मुलं, सोळाच्या आसपासची, त्यांना परत परत विचारलं की जबरदस्तीचं, हिंसेचं कितपत आवडतं. तो अभ्यास 2019 मध्ये आला. घसरणीचा सिद्धांत खरा असता तर ही आवड वाढत जायला हवी होती, तिथे ती कमी होत गेली. आता ती साधी शाळेतली मुलं होती, दवाखान्यात आलेले पेशंट नव्हते, म्हणून एखाद्या माणसाच्या बाबतीत घसरण होतच नाही असं मी म्हणणार नाही. मी बघितलेत असे दोनतीन. पण बघितलं की घसरलाच, हा नियम काही दिसत नाही.

कपाशीवाला (अमळनेर):
म्हणजे तुम्ही पॉर्नला क्लीन चिट देताय. केंब्रिजच्या ब्रेन स्कॅनचं काय मग? त्यात सरळ लिहिलंय, पॉर्नवर होतं आणि बाईसोबत होत नाही.

ओपीडी_धुळे:
क्लीन चिट कोण देतंय भाऊ. 2014 चा तो अभ्यास, 19 पेशंट होते आणि त्यातल्या 11 जणांनी असं सांगितलं, बरोबर आहे. पण ते 19 जण निवडलेलेच असे होते की ज्यांचं वागणं हाताबाहेर गेलं होतं, काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींची नाती तुटली. त्यांच्यावरून रोज रात्री दहा मिनिटं बघणाऱ्या पोराचं काही सांगता येत नाही. रिसेप्टर जळाले असं तर त्यात कुठेच नाही, तो स्कॅन रिसेप्टर मोजणारा नव्हताच. आणि नेव्हीवाल्या पेपरात केसेस तीन, तुलनेला दुसरा गट नाही.

सर्वेंमध्ये एक गोष्ट बऱ्याचदा दिसते. नुसतं किती बघतो याचा आणि ताठरतेचा संबंध फार कमी सापडतो, पण ‘माझं बघणं माझ्या ताब्यात नाही’ असं ज्याला वाटतं त्याच्यात त्रास जास्त सापडतो. तिथेही आधी काय आणि नंतर काय हे उरतंच. अमेरिकेत 2019 मध्ये तीच माणसं पुढे काही काळ बघितली तर आधीच्या बघण्यावरून पुढचा त्रास सांगता आला नाही. उलट दिशा पण शक्य आहे ना, ज्याची बायकोसमोर फजिती होते तो मोबाईलकडे जातो, तिथे कोणी नापास करत नाही.

जळगावकर_ताई:
मी दुसऱ्या बाजूने सांगते. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी हेच होतं आणि मला वाटायचं मी आवडत नाही त्यांना. एका रात्री मोबाईल दिसला, त्यात काय होतं ते बघून मी आठवडाभर बोलले नाही. आता वाटतं त्या आठवड्याने त्यांची भीती अजून वाढवली, पण तेव्हा मला कोण सांगणार होतं. तुम्ही लोक आकड्यांवर भांडताय, त्या भावाने मिसेसला सांगितलंय का ते कोणी विचारलं नाही.

ओपीडी_धुळे:
ताई, बरोबर पकडलंत, ते मी आधी विचारायला हवं होतं.

एक केस सांगतो, ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून. यावल तालुक्यातला मुलगा, 26 वर्षांचा, तक्रार अगदी गिरणाकाठ भाऊसारखी. शुगर, बीपी, हार्मोन नॉर्मल, पहाटेचा ताठरपणा रोज. मग मी विचारलं, एकटा असताना मोबाईल न घेता, नुसत्या मनातल्या विचाराने होतं का? म्हणाला होतं. हा प्रश्न मला कामाचा वाटतो, कारण शरीराला जर खरंच स्क्रीनचीच सवय लागली असेल, म्हणजे बटण दाबलं की नवीन चित्र, आपलाच हात, आपलाच दाब, आपलाच वेग, तर मोबाईल काढून घेतल्यावर एकट्यातही अडायला हवं. एकट्यात अडत नाही आणि माणूस समोर असला की अडतं, तेव्हा संशय भीतीवर जास्त जातो. माणूस बायकोकडे लक्ष देण्याऐवजी स्वतःवर पहारा ठेवतो, आलं का, टिकतंय का, आणि पहारा बसला की ते जातंच. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन सेक्स संशोधकांनी 1970 लाच हे लिहून ठेवलंय, तेव्हा कुठे होता इंटरनेट.

पुढे विचारल्यावर कळलं, घर दोन खोल्यांचं, दाराला कडी नाही, पलीकडे आई झोपते, आणि लग्नाला तीन महिने झाले तरी रोज कोणीतरी विचारतं, गोड बातमी कधी. त्याला सांगितलं, महिनाभर संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही, नुसती जवळीक, आणि पॉर्न पण बंद. दाराला कडी बसली, नाशिकला बहिणीकडे आठ दिवस राहून आले, दोन महिन्यांत बरंच सुधारलं. आता सांगा, कशाने सुधारलं? पॉर्न बंद केल्याने, कडीने, की प्रयत्न करायचा नाही म्हटल्याने भीती गेली म्हणून? सगळं एकदम केलं, म्हणून मला खरंच सांगता येणार नाही. कपाशीवाला भाऊ, तुमच्या चार महिन्यांचं पण हेच आहे. त्या काळात गर्लफ्रेंडशी काही बोलणं झालं होतं का?

कपाशीवाला (अमळनेर):
झालं होतं. तिला सगळं सांगितलं होतं, ती म्हणाली घाई नाही. पण मी अजून म्हणतो फरक बंद केल्यानेच पडला, कारण सहाव्या आठवड्यात एकदा परत बघितलं तर पुढचे चारपाच दिवस पुन्हा गडबड झाली. ते भीतीने झालं असं मला नाही वाटत.

ओपीडी_धुळे:
त्याची पण दोन कारणं निघतात. स्क्रीनची सवय परत जागी झाली हे एक, आणि ‘आता सगळं वाया गेलं’ ही धास्ती दुसरं. दिवस मोजणाऱ्यांमध्ये हे दुसरं मी खूप बघतो, एक दिवस चुकला की माणूस पार खचतो, स्वतःला शिव्या देतो, आणि तीच धास्ती रात्री बायकोजवळ घेऊन जातो. बंद करू नका असं मी म्हणत नाही, महिनादोन महिने बंद ठेवून बघण्यात नुकसान काही नाही. पण 90 ह्या आकड्यात काही जादू नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
सगळ्यांचं वाचलं. पहाटे येतं, आठवड्यातून चारपाच वेळा तरी. मोबाईल न घेता दोनदा बघितलं, एकदा झालं, एकदा अर्ध्यावर गेलं. मिसेसला सांगितलेलं नाही, तिला वाटतं माझ्यावर कामाचं टेन्शन आहे. आणि ते किळसवाणं बघतो त्याचं काय, मी तसा माणूस झालोय का?

ओपीडी_धुळे:
एकदा झालं, एकदा गेलं, म्हणजे दोन्ही थोडं थोडं असू शकतं, यावरून मी शिक्का मारणार नाही. किळशीचं म्हणशील तर भीती, लाज, किळस यांनी पण छाती धडधडते आणि ती धडधड उत्तेजनेत मिसळते, म्हणून जे बघून शरीर जागं होतं ते प्रत्यक्षात करावंसं वाटतंच असं नाही. तुला ते बायकोसोबत करायची इच्छा होते का, की फक्त स्क्रीनवर? आणि त्याशिवाय आता होतच नाही, की साधं बघूनही होतं? ह्या दोन उत्तरांवर बरंच ठरेल. त्यात लहान मुलांचं किंवा खऱ्या जबरदस्तीचं काही असेल तर ते आजच थांबव आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेट, तो विषयच वेगळा आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
नाही नाही, तसलं काही नाही. फक्त स्क्रीनवर. साधं बघूनही होतं, फक्त वेळ लागतो.

जळगावकर_ताई:
मग भाऊ हेच तिला सांग. मोबाईलमधलं सगळं आजच सांगायची गरज नाही, पण ती रोज रात्री काय समजून झोपते ते तुला माहीत नाही.

कपाशीवाला (अमळनेर):
आणि मोबाईल बंद ठेव. यावर मी मागे हटणार नाही.