गच्चीवरचं सोलर: कोटेशनात ४,८००, मीटरवर ३,६५०

प्रेषक: नितीन (न्यू जर्सी)
प्रति: मंडळाची यादी

राम राम मंडळी,

भुसावळला आमच्या घरी गेल्या वर्षी जूनमध्ये सोलर बसवलं. ३.३ किलोवॅट, ५५० वॅटची सहा पॅनल, एकच इन्व्हर्टर. बिल २ लाख १० हजारांचं झालं, ते मी इथून भरलं. सूर्यघर योजनेचं ७८ हजारांचं अनुदान नंतर आप्पांच्या खात्यात आलं, त्याबद्दल तक्रार नाही. वीजजोडणी आप्पांच्याच नावावर आहे.

कोटेशनात ‘वार्षिक निर्मिती ४,८०० युनिट, अंदाजे’ असं लिहिलंय. वर्ष झालं आणि आकडा ३,६५० निघाला. म्हणजे चौथा हिस्सा गायब. सोलरवाल्याला फोन केला की तो म्हणतो, धूळ असेल, पुसून घ्या. आप्पा दर रविवारी पुसतात, वयाच्या मानाने जरा जास्तच वेळा गच्चीवर चढतात. त्यांचं निरीक्षण एका ओळीचं: “उन्हायामा चालस, हिवायामा रुसस.”

एकतर त्याने दुरुस्त करावं, नाहीतर काही पैसे परत द्यावेत, एवढंच म्हणणं आहे. कोणी असं काही केलंय का?

---

प्रेषक: हेमंत (सिंगापूर)

नितीन, दोन गोष्टी. एक, भुसावळचं ऊन. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नको असते. मे महिन्यात पॅनल सत्तर अंशांपर्यंत तापतं आणि पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण पाव ते एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. तिथेच तुझे दहा-पंधरा टक्के गेले. दुसरं, कोटेशन म्हणजे करार नव्हे. त्यावर ‘अंदाजे’ लिहिलंय, विषय संपला. उगाच आप्पांना कोर्टकचेरीत ओढू नको.

---

प्रेषक: सुरेखाताई (मेलबर्न)

आमचंही असंच फसवलंय! नंदुरबारला भावाच्या घरी तीन किलोवॅटचं बसवलं आणि लाइट गेली की सोलरही बंद. भर दुपारी डोक्यावर ऊन आणि घरात पंखा नाही. मग एवढे पैसे कशाला घातले? मलाही नुकसानभरपाई मागायची आहे. नितीन, दोघं मिळून पत्र लिहू या का?

---

प्रेषक: अरविंदकाका (टोरांटो)

सुरेखाताई, तुमच्या भावाकडे यंत्र नीट चालतंय. बॅटरी नसलेलं, थेट वीजलाइनला जोडलेलं ऑनग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडलंच पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. विकताना कोणी सांगितलं नसेल तर त्याच्यावर रागवा, पण ती कमी निर्मितीची तक्रार होत नाही.

हेमंत, उष्णतेचं तू म्हणतोस ते खरं. पण आपल्याकडे किलोवॅटला वर्षाला १,४०० ते १,५०० युनिट धरतात, त्यात ती घट आधीच वजा असते. ३.३ ला १,४५० ने गुण, ४,८०० च्या जवळच येतात. म्हणजे कोटेशनवाल्याने आकडा फुगवलेला नाही. शिवाय उष्णतेचा दोष असता तर मे महिना वाईट गेला असता. आप्पा हिवाळ्याचं नाव घेताहेत. माझा कान तिथे टवकारला.

नितीन, तीन गोष्टी पाठव. ३,६५० हा आकडा जनरेशन मीटरवरचा आहे की बिलावरचा, ते आधी सांग. बिलावर दिसतात ती ग्रिडला दिलेली युनिटं; घरात दिवसा फ्रिज-पंख्याने खाल्लेली त्यात नसतात. पुष्कळ लोक तोच आकडा धरून भांडायला जातात आणि तोंडघशी पडतात. दुसरं, इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधून डिसेंबरातल्या आणि एप्रिलातल्या एकेका निरभ्र दिवसाचा आलेख. तिसरं, गच्चीवर पॅनलच्या दक्षिणेला आणि नैऋत्येला काय काय उभं आहे त्याचा फोटो.

---

प्रेषक: नितीन

काका, आकडा जनरेशन मीटरचाच. बिलाशी तो कधीच जुळत नव्हता, म्हणून आप्पा दर महिन्याला मीटरचा फोटो काढून ठेवतात.

डिसेंबरचा निरभ्र दिवस: एकूण ८.४ युनिट. आलेख सकाळी गोल चढतो, पावणेदोनच्या सुमारास पायरी पडल्यासारखा खाली येतो आणि तसाच संध्याकाळपर्यंत रांगतो. एप्रिलचा आलेख दिसायला चांगला आहे, पण अकरा ते दोनमध्ये मधूनच शून्यावर जातो, पाच-दहा मिनिटांनी परत वर येतो.

नैऋत्येला जिन्याची खोली आहे, तिच्यावर हजार लिटरची टाकी. पॅनल तिच्यापासून जेमतेम आठ-नऊ फुटांवर. पण सोलरवाल्याचा माणूस मे महिन्यात येऊन पाहून गेला होता, तेव्हा सावली अजिबात नव्हती. हे आप्पांना पक्कं आठवतंय.

---

प्रेषक: अरविंदकाका

सावली नसणारच. भुसावळ २१ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणून शाळांतली पोरं काठी रोवून बघतात तो हाच. त्या दिवसांत टाकीची सावली टाकीच्या पायाशीच पडते. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे जेवढी उंच टाकी तेवढी लांब सावली. दुपारनंतर ती लांबत ईशान्येकडे सरकते, थेट तुझ्या पॅनलवर. मे महिन्यात पाहणी करणाऱ्याने डोळ्यांनी नव्हे, सूर्यमार्गाच्या हिशोबाने सावली पाहायची असते. त्याला साधं अ‍ॅप पुरतं.

आता ही घट किती, ते काढू. भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर धरलेली, भुसावळ त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे तिथली खरी मध्यान्ह साधारण साडेबाराच्या आसपास होते. दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनलचा निरभ्र दिवसाचा आलेख साडेबाराच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखा दिसायला हवा. तुझ्या डिसेंबरच्या दिवसाचे दोन तुकडे कर आणि युनिटं मोज.

एप्रिलचं दुखणं वेगळं आहे. इन्व्हर्टरच्या नोंदीत त्या वेळांना काय एरर येते ते बघ.

---

प्रेषक: नितीन

साडेबारापर्यंत ६.२, नंतर २.२.

एरर प्रत्येक वेळी एकच: `Grid Over Voltage`.

---

प्रेषक: अरविंदकाका

म्हणजे दिवसाला चार युनिटं सावलीने खाल्ली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी मिळून साडेतीनशेच्या पुढे. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत सावली उशिरा येते, तिथले मिळून दीडशे. पाचशे युनिट धर. काही पॅनल उन्हात असली तरी सहाही एका माळेत आहेत. सावलीच्या पॅनलला वळसा घालून वीज पुढे जाते खरी, पण काठावर पट्टाभर सावली आली तरी त्या पॅनलचा मोठा भाग हातचा जातो.

ओव्हर व्होल्टेज म्हणजे दुपारी लाइनचं व्होल्टेज २५३ च्या वर जातं आणि इन्व्हर्टर नियमाप्रमाणे स्वतःला तोडून घेतो. कॉलनीत दुपारी वापर कमी आणि सोलरची घरं वाढलेली, असं हल्ली होतं. ट्रिप होणारा दिवस आणि शेजारचा सरळ दिवस यांतला फरक घेऊन बेरीज कर, माझ्या अंदाजाने तीनशे-चारशे येतील. पण हा दोष कोणाचा ते आधी ठरव. वायरमनला सांग, भर दुपारी एकाच वेळी मीटरजवळ आणि इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज मोज. मीटरजवळच २५० च्या वर असेल तर अर्ज महावितरणला, ट्रान्सफॉर्मरचं टॅप खाली घ्या म्हणून. मीटरजवळ २४४ आणि इन्व्हर्टरला २५४ असेल तर मधली केबल बारीक टाकली आहे. ते सोलरवाल्याच्या माथी.

उरलेले अडीचशे धूळ आणि ढगांचे समज, ते सोडून दे. सगळे साडेअकराशे त्याच्या अंगावर टाकलेस तर तो एका ढगाळ जुलैचा दाखला देऊन सगळंच उडवून लावेल.

कोटेशनात पाहणीबद्दल काही लिहिलंय का?

---

प्रेषक: नितीन

हो, दुसऱ्या पानावर: ‘छताची पाहणी व सावलीमुक्त मांडणी आमच्या इंजिनिअरमार्फत.’

---

प्रेषक: वैशाली (लंडन)

ही ओळ ४,८०० पेक्षा मोलाची आहे. हेमंतदादा, नुसतं कोटेशन करार नसतं हे बरोबर, पण ते स्वीकारून आगाऊ पैसे दिले, त्यावर बिल निघालं की त्यातल्या अटी करारातच येतात. ‘अंदाजे’ हा शब्द हवामानाला लागू पडतो. टाकी काही हवामानाने हलत नाही.

नितीन, योजनेत अनुदान घेताना आप्पा आणि सोलरवाला यांच्यात एक छापील करारनामा झाला असेल, पोर्टलवर चढवलेला. तो काढ. त्यात परफॉर्मन्स रेशो, म्हणजे पडलेल्या उन्हातून निघायला हवी त्यातली प्रत्यक्ष निघणारी वीज, किमान ७५ टक्के असावा आणि पाच वर्षं तो टिकवावा, अशी अट असते. देखभालही पाच वर्षं त्याचीच.

पत्र आप्पांच्या सहीने जाऊ दे, स्पीड पोस्टाने. तू पैसे भरलेस तरी सेवा वापरणारे तेही ग्राहकच आहेत, आणि तुझ्या नावाने करायचं तर मुखत्यारपत्र, दूतावासाचा शिक्का, नसती यातायात. पत्रात मागणी एकच आणि मोजता येईल अशी: तीस दिवसांत पॅनल स्वखर्चाने हलवावीत किंवा स्ट्रक्चर उंच करावं, नाहीतर पाचशे युनिटांच्या प्रमाणात रक्कम परत. ४,८०० मधले पाचशे म्हणजे साडेदहा टक्क्यांच्या आत. २ लाख १० हजारांवर साधारण २२ हजार. पंचवीस वर्षांचं वीजबिल मागू नकोस, ते कोणी देत नाही.

नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद, मग जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं.

---

प्रेषक: हेमंत

पण अनुदान वजा केलं तर याच्या खिशातून १ लाख ३२ हजारच गेले. मग २२ नव्हे, १४ हजारच होतात ना?

---

प्रेषक: वैशाली

सोलरवाल्याचा वकील नेमकं हेच म्हणेल. माझ्या मते त्याला किंमत पूर्ण मिळाली आहे, तेव्हा हिशोब पूर्ण किमतीवर. आयोग काय धरेल ते सांगता येणार नाही.

---

प्रेषक: नितीन

मंडळी, पत्र गेलं. आलेख, मीटरचे फोटो आणि कोटेशनचं दुसरं पान जोडलं होतं. आठवड्यात मालक स्वतः घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, पैसे परत नाहीत, पण पॅनल ईशान्येच्या कोपऱ्यात सरकवतो. नवीन पाइप आणि केबलचे ९ हजार तेवढे द्या. आप्पा म्हणाले, मुलाला विचारतो.

व्होल्टेजही मोजलं: मीटरजवळ २५१, इन्व्हर्टरला २५५. महावितरणला अर्ज दिलाय, अजून कोणी फिरकलेलं नाही.

९ हजार द्यावेत का? आप्पांचा कल देऊन मोकळं होण्याकडे आहे.

---

प्रेषक: अरविंदकाका

देऊ नका. सावलीमुक्त मांडणी त्याच्याच शब्दात आहे. त्याला लिहून द्यायला सांग की नवी जागा २१ डिसेंबरला दुपारी चारपर्यंत मोकळी राहील. अ‍ॅपमध्ये तो दिवस टाकून आधी दाखव म्हणावं. आणि ईशान्येला शेजाऱ्याने मजला चढवायला काढलाय का, तेही आप्पांना बघायला सांग. व्होल्टेज मात्र लाइनचंच आहे, त्यासाठी त्याला धरू नका.

---

प्रेषक: सुरेखाताई

भावाला विचारलं. त्याच्याही गच्चीवर टाकी आहे. फोटो पाठवते.