‘फास्टिंगला या’ म्हणजे नेमकं कसं या?

मोगरा
माझी मावसबहीण एका छोट्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. परवा एका आजोबांनी नातवाच्या हाती तिला चिठ्ठी पाठवली. ती तशीच्या तशी उतरवते:

‘ताई, डॉक्टरांनी उद्या सकाळी साखर तपासायला फास्टिंगला या असे सांगितले आहे. नातू म्हणतो फास्टिंग म्हणजे उपवास. उद्या संकष्टी आहे, माझा उपवास असतोच, तेव्हा वेगळा धरायला नको ना? सकाळी वाटीभर खिचडी खाऊन येऊ, की नुसते दूध-केळे घेऊ? उपवास चंद्रोदयानंतर सोडतो, तोवर तुमचे उरकेल ना? कळावे.’

बहिणीने फोन करून समजावलं, ते झालं. पण आता डॉक्टर तिला म्हणतात की भिंतीवर मराठीत पाटी लाव. ‘उपवास करून या’ तर लिहिता येत नाही. मग काय लिहायचं? एका शब्दात जमेल असं काही आहे का?

जुनाट
आहे की, अनशापोटी. आमची आजी औषधाची मात्रा सांगताना दुसरा शब्दच वापरायची नाही. ‘सकाळी अनशापोटी घे.’ अनशापोटी म्हणजे सकाळपासून तोंडात काहीही गेलेलं नाही, चहासुद्धा नाही. इतका नेमका शब्द घरात असताना तुम्ही पाटीसाठी शब्द शोधताय.

आडवाट
जुनाट, शब्द सुंदर आहे, पण आजोबांच्या नातवाला विचारून बघा. आमच्या ऑफिसात सात जणांना विचारलं. दोघांना माहीत होता. एक जण म्हणाली, ‘अनशा पोटी म्हणजे अनशाच्या पोटी जन्मलेला?’

सोवळेकर
पाटीवर ‘निराहार यावे’ लिहावे. सुटसुटीत, शुद्ध आणि अर्थ स्पष्ट. ‘फास्टिंगला या’ ही कुठली मराठी? ‘आंघोळीला या’सारखं वाटतं.

काचपट्टी
मी लॅबमध्ये रक्त घेतो, चौदा वर्षं झाली. सोवळेकर, ‘निराहार’ आमच्या जुन्या लॅबच्या पाटीवर होतं. लोक त्याचा अर्थ ‘निरंकार’ घ्यायचे. सत्तरीच्या एक आजी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब न घेता आल्या. मे महिना. शीर सापडेना, तीन वेळा सुई टोचावी लागली, चौथ्यांदा मनगटाच्या मागून घेतलं. पाणी प्यायलेल्या माणसाची शीर बोटाखाली टचटचीत लागते. तिच्या हाताला काहीच लागत नव्हतं. साधं पाणी कधीच बंद नसतं, उलट प्यावं. तेव्हा शब्द कुठलाही घ्या, पाणी चालेल हे त्याच्या शेजारीच लिहा.

आता खिचडीचं. हे नेहमीचं आहे. एका एकादशीला एक बाई आठ वाजता आल्या. मी रीतीप्रमाणे विचारलं, ‘उपाशी आहात ना?’ त्या म्हणाल्या, ‘हो, एकादशी आहे.’ मी पुढे विचारलं नाही, चूक माझीच. साखर आली १६८. उपाशीपोटी १२६ किंवा वर गेली की मधुमेहाचा विचार करतात, त्यामुळे डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहायला घेतल्या होत्या. त्याआधी सहज विचारलं, सकाळी काय घेतलंत? साडेसहाला साबुदाण्याची खिचडी आणि कपभर दूध. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, दीड तासाने साखर वर असणारच. चार दिवसांनी रात्री नऊला जेवून, मधे फक्त पाणी पिऊन सकाळी सातला आल्या. ९८. तेव्हापासून मी ‘उपाशी आहात का’ असं विचारतच नाही. ‘शेवटचं काय घेतलं आणि किती वाजता?’ असं विचारतो.

मोगरा
हे बहिणीला लगेच सांगते. आणि खाल्लेलं तुम्हाला नळीत दिसत नाही का?

काचपट्टी
कधीकधी दिसतं. रक्ताची नळी फिरवली की वर पिवळसर पारदर्शक पाणी येतं. तुपातलं, तळलेलं खाऊन आलेल्याचं ते कधी गढूळ, दुधाळ येतं. पण नुसता साखरेचा चहा पिऊन आलात तर नळीत काहीही कळत नाही. तुमच्या शब्दावरच सगळं.

पुष्करिणी
माझ्या बहिणीला सोनोग्राफीच्या वेळी तर उलट लिटरभर पाणी पिऊन बोलावलं होतं आणि लघवीला जाऊ नका म्हणाले. तासभर बसवून ठेवलं. त्यावर कोणी बोलत नाही. शिवाय एका ठिकाणी उपाशी पण या आणि पाणी पण पिऊन या! पेशंटने काय करायचं?

काचपट्टी
ते वेगळं, पुष्करिणी. तिथे मूत्राशय भरलेलं हवं म्हणून पाणी. इथे रक्ताचं चाललंय.

गणपुले_नव्हे
माझ्या माहितीप्रमाणे बारा तास कडक पाहिजेत आणि पाणीसुद्धा नको, कारण पाण्याने रक्त पातळ होऊन साखर कमी दाखवते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं होतं.

काचपट्टी
बारा तास कोलेस्ट्रॉल-ट्रायग्लिसराईडसाठी सांगतात, नऊ ते बारा. साखरेला निदान आठ पुरतात. पेलाभर पाण्याने साखर कमी होत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी असेल तर उपाशी यायची गरजच नाही, जेवून या. आणि ‘जितके जास्त तास तितकं चांगलं’ हेही खरं नाही. सोळा-अठरा तास ताणून येणारे चक्कर येऊन पडतात. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर सकाळचा डोस उपाशीपोटी घ्यायचा का, हे आदल्या दिवशी डॉक्टरांनाच विचारा. ते मी इथे सांगणार नाही.

खाडीपलीकडचा
आमच्या अम्मीने फास्टिंग म्हणजे रोजा असाच अर्थ घेतला. रमजानच होता. पहाटे पावणेपाचला सहरी केली, चपाती, खिमा, दोन खजूर, आणि नऊला लॅबमध्ये. रोजा तिचा एकदम पक्का, पाणीही नाही. लॅबच्या हिशोबात मात्र सव्वाचारच तास. म्हणजे आजोबांच्या उलट भानगड. त्यांच्या उपवासात खायला चालतं, आमच्या रोज्यात पाणी चालत नाही, आणि दोघांचं फास्टिंग चुकलं.

चौविहार
आणि आमच्याकडे (पुण्यातले गुजराती जैन) उपवास म्हटलं की उकळलेलं पाणी, तेही सूर्योदयानंतर, बाकी काही नाही. फराळ ही कल्पनाच नाही. लॅबवाल्यांना अपेक्षित उपवास खरं तर आम्हीच करतो. मराठी मैत्रिणीने पहिल्यांदा ‘आज उपवास आहे, ये खायला’ म्हटलं तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले होते.

उंबरठा
मला वाटतं इथे खरा मुद्दा आला. आपला उपवास सांगतो काय खायचं. लॅबचं फास्टिंग सांगतं केव्हापासून खायचं नाही. एक तिथीला बांधलेला, दुसरं घड्याळाला. क्रियापदं बघा: उपवास धरतात, सोडतात, मोडतात, तो ‘असतो’ (आज माझा उपवास आहे). उपाशी मात्र माणूस ‘राहतो’. म्हणून मला ‘उपाशीपोटी या’ सगळ्यात जवळचं वाटतं. गंमत म्हणजे उपाशी हा शब्द उपवासीवरूनच आला असं म्हणतात. भाऊ-भाऊ, पण एकाला खिचडी मिळाली आणि दुसरा कोरडाच राहिला.

सोवळेकर
उपाशी म्हणजे उप + आशी, थोडे खाणारा. अश् धातू. उपवासाचा संबंध नाही.

उंबरठा
मग ‘उपाशी मेला’ म्हणजे थोडं खाऊन मेला?

सोवळेकर
थट्टा करून व्युत्पत्ती बदलत नाही.

मोगरा
‘उपाशीपोटी’वर बहिणीचा एक आक्षेप आहे. ती म्हणते, तोंडाने सांगायला ठीक आहे, पण पाटीवर ‘उपाशी या’ असं वाचलं की म्हाताऱ्या माणसांना ते कसंसंच वाटतं, अन्न नसल्यासारखं. एक आजी म्हणाल्या, ‘बाई, उपाशी कशाला म्हणतेस, रिकाम्या पोटी म्हण.’

रेवाळ
आमच्या गोव्यात रित्या पोटी. तोच अर्थ, आणि कोणाला वाईट वाटत नाही.

आडवाट
माझं म्हणणं, ‘फास्टिंग’च ठेवा. तो आता मराठीच आहे. ‘माझी फास्टिंग एकशे दहा आली’ हे माझी न शिकलेली काकू म्हणते. आजोबांनाही ‘फास्टिंग’ ऐकून अडचण नव्हती, नातवाने भाषांतर केलं तिथे घोटाळा झाला. डिक्शनरीत फास्टला उपवास दिलंय, मुलगा काय करणार?

जुनाट
म्हणजे शुद्ध मराठीमुळे घोटाळा झाला, असं म्हणा एकदाचं.

आडवाट
तसं नाही म्हटलं.

जुनाट
तसंच म्हटलंत.

काचपट्टी
भांडू नका, शब्दाने काम होत नाही हो. सगळ्यात मोठा घात चहा करतो. ‘काही खाऊ नका’ सांगितलं की लोक खरंच काही खात नाहीत, आणि चहा घेऊन येतात. ‘चहा म्हणजे काय खाणं आहे का?’ दूध-साखर त्यात असते हे डोक्यातच नसतं. दुसरी मिश्री. सकाळी मिश्री लावल्याशिवाय ज्यांना सुधरत नाही, त्यांना मी सांगतो, रक्त देऊन झाल्यावर लावा. आमच्या पाटीवर आता असं आहे:

‘रात्री ९ नंतर फक्त साधे पाणी. चहा, दूध, बिस्किट, फळ, उपवासाची खिचडी: काहीही नको. रक्त दिल्यावर खा.’

पाणी पहिल्या वाक्यात आलं ना, की निरंकार येणं बंद होतं. आधी ‘काही खाऊ-पिऊ नये, पाणी चालेल’ असं होतं, तेव्हा लोक ‘पिऊ नये’पर्यंतच वाचायचे.

मोगरा
ही पाटी उचलली. एकच बदल, ‘फळ’च्या ठिकाणी ‘केळं’, आजोबांसाठी. बहिणीने काल लावली, आणि आजच चिठ्ठी आली: ‘साधे पाणी म्हणजे फ्रिजचे चालेल का?’

पुष्करिणी
चालेल का?

काचपट्टी
चालेल.

सोवळेकर
पाटीत ‘बिस्कीट’ हवे, ‘बिस्किट’ नव्हे. आणि जुनाटांच्या ‘अनशापोटी’बद्दल कोणीच काही बोललं नाही. मूळ अनशन. अन् + अशन. म्हणजे हाही अश् धातूच.

जुनाट
आमच्याकडे ‘अनोशापोटी’ही म्हणत. माझे वडील म्हणायचे की अन्नाचा अंशही पोटात नाही तो अनंशा, त्याचा अनशा. मला तीच बरी वाटते.

खाडीपलीकडचा
उर्दूत यालाच निहार मुँह म्हणतात. आमच्या नानींचं होतं, ‘निहार मुँह मध घे.’ फारसीतला नहार, म्हणजे न खाल्लेला. तुमची न्याहारी त्यावरूनच ना?

सोवळेकर
न्याहारी म्हणजे नि + आहार. स्पष्ट आहे. कृपया प्रत्येक शब्द फारसीत नेऊ नका.

उंबरठा
पण मग ‘नि’मुळे आहार नाही असा अर्थ व्हायला हवा ना, सोवळेकर? निराहारमध्ये जेवण जातं आणि न्याहारीत पोहे येतात, ते कसं?

रेवाळ
नवीन धागा काढा बाबा कोणीतरी, न्याहारीचा. कोकणात पेज की गोव्यात पाव-भाजी, तेही मग तिथेच बोलू.