दिलेल्या अंकांतून ३ ने भाग जाणारी मोठ्यात मोठी संख्या: कोणता अंक काढायचा?

> ८, १, १, १ मधून लहान अंक काढून मी ८१ केले. उत्तर मात्र १११ दिलंय. मोठा ८ का टाकायचा?

कारण तीन अंकी संख्या दोन अंकीपेक्षा कधीही मोठीच. म्हणून आधी कमीत कमी अंक काढायचे, ते लहान आहेत का हे नंतर बघायचं. अंकांच्या बेरजेला ३ ने भाग गेला तरच संख्येला जातो. इथे बेरीज ११, ३ ने भागल्यावर बाकी २. एकटा ८ स्वतः बाकी २ देतो, त्यामुळे तो एक गेला की काम झालं. १ मात्र दोन काढावे लागतात.

बाकी १ उरली तर उलट: १, ४, ७ पैकी असलेला सर्वात लहान अंक काढा. त्यातला एकही नसेल तर २, ५, ८ पैकी सर्वात लहान दोन. असे दोन असतातच, नाहीतर बाकी १ आलीच नसती. उदाहरणार्थ ६, ५, ५, ०: बेरीज १६, दोन्ही ५ गेले, उरले ६०. ०, ३, ६, ९ ना कधीच हात लावायचा नाही, बाकीवर त्यांचा परिणामच नसतो. उरलेले अंक उतरत्या क्रमाने मांडायचे.

प्रोग्राम लिहिणारे हमखास अडकतात ते ५, ५, ०, ० वर. तिथे ०० छापलं जातं, हवा असतो एकच ०.