अंदमान फेरी: सुटी तिकिटं की एकत्र?

> पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक-नील-पोर्ट ब्लेअर, तिकिटं सुटी काढू की एजंटकडून एकत्र? स्वस्त काय?

सुटीच काढा. खाजगी क्रूझचं भाडं टप्प्याटप्प्यानेच लागतं, एजंट तीच बेरीज करतो, वर बरेचदा कमिशनही लावतो. आम्ही जाताना क्रूझ घेतली कारण दीड तासात हॅवलॉक, पण हॅवलॉक-नील आणि परतीला सरकारी बोट पकडली, वेळ जास्त लागतो पण भाडं खूपच कमी, चौघांचे बरेच पैसे वाचले. मात्र सरकारी तिकिटं थोडेच दिवस आधी उघडतात, त्यामुळे सीझनमध्ये नाही मिळाली तर क्रूझचेच पैसे धरून ठेवा. आणि प्लीज, नीलहून आल्या दिवशीच परतीचं विमान ठेवू नका, समुद्र खवळला की फेरी रद्द होते, फेरीचे पैसे मिळतील पण चुकलेल्या विमानाचे फेरीवाले देत नाहीत!