‘वैयक्तिक माहिती’ एवढा शेरा मारला की अर्ज संपतो का? (कलम 8(1)(ञ), उरलेले 8(2) आणि अपील)

पंढरपूर रोड

नोव्हेंबर 2025 पासून माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या अपवादातून, म्हणजे कलम 8(1)(ञ) मधून, ‘व्यापक जनहित’ हे शब्दच गेले. मी आमच्या गावातील ठिबक अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी मागितली, तर एका ओळीत उत्तर आले : ‘सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.’ आता जनहित मांडायला जागाच उरलेली नाही. अपील करणे म्हणजे वीस रुपयांचा मुद्रांक वाया घालवणे. माहितीचा अधिकार संपला, एवढेच मला सांगायचे आहे.

कसब्यातील वकील

अशा घोषणा वाचून अर्जदार घरी बसतात आणि नकार देणाऱ्याचे काम आयतेच होते, म्हणून सविस्तर लिहितो.

डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने 8(1)(ञ) छाटले, हे खरे आहे. त्या छाटणीने 8(2) ला मात्र हात लावलेला नाही. पोटकलम (1) मधील कोणताही अपवाद लागू असला, तरी माहिती उघड करण्यातील जनहित संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल, तर सार्वजनिक प्राधिकरण ती देऊ शकते, असे तेथे आजही लिहिलेले आहे. म्हणजे जनहित मांडण्याची जागा बदलली आहे, ती नाहीशी झालेली नाही.

आता आपल्याच अर्जाकडे पाहू. अनुदान योजनेत कोणाला किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कलम 4(1)(ख)(12) प्रमाणे कार्यालयाने कोणी न मागताच प्रसिद्ध करायचे असते. जी यादी फलकावर किंवा संकेतस्थळावर असायला हवी, ती अर्ज केल्यावर अचानक गोपनीय कशी होते, हा अपिलातील पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा उत्तराच्या स्वरूपाचा आहे. कलम 7(8) नुसार नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवावा लागतो. आपल्या एका ओळीत यांपैकी काय आहे? नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार 19(5) ने नाकारणाऱ्यावरच टाकलेला आहे.

तिसरा मुद्दा 8(2) चा असून तो नेमकेपणाने मांडावा लागतो. ‘भ्रष्टाचार उघड व्हावा’ या वाक्याने काहीही साधत नाही. माझ्या एका पक्षकाराने अशाच प्रकरणात नाव, गट क्रमांक, क्षेत्र, मंजूर रक्कम आणि मोका तपासणीची तारीख एवढेच मागितले. आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक कलम 10 प्रमाणे झाकून द्यावेत, असे त्याने अपिलात स्वतःहून लिहिले. ठरावीक वर्षांच्या आत त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान देता येत नसल्यामुळे गट क्रमांक पाहिल्याशिवाय दुबार लाभ पकडताच येत नाही, हे त्याचे जनहित होते. आणि खाते क्रमांक झाकल्यावर हानी उरते किती, हा त्याचा प्रश्न होता. प्रथम अपिलातच यादी मिळाली. एकाच गटावर दोन सख्ख्या भावांच्या नावे दोन वेळा अनुदान निघालेले तीत दिसले.

माजी माहिती अधिकारी

वकीलसाहेबांनी 8(2) वाचून दाखवले, पण त्यातील दोन शब्दांवरून ते घाईने पुढे गेले. पहिला शब्द ‘देऊ शकते’. दुसरा ‘सार्वजनिक प्राधिकरण’. जुन्या (ञ) मध्ये जनहिताबाबत समाधान करून घेण्याचा अधिकार माहिती अधिकाऱ्याचे आणि अपिलीय अधिकाऱ्याचे नाव घेऊन दिलेला होता. मी स्वतः त्याच्या आधारे, वरिष्ठांना न विचारता, माहिती दिलेली आहे. आज त्या खुर्चीत बसलेल्या अव्वल कारकुनाने 8(2) चा निर्णय कोणत्या अधिकाराने घ्यायचा? त्याला नस्ती कार्यालयप्रमुखाकडे पाठवावी लागेल, ती टिपणीसह परत येईपर्यंत 30 दिवस उलटतील, आणि दंड झाला तर दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25,000 पर्यंत तो याच्याच खिशातून जाईल. त्यापेक्षा नकार लिहिणे सोपे आणि सुरक्षित, असा हिशेब कोणीही करील. शिवाय यादी हातात पडताच शेतकऱ्यांना फसवे फोन सुरू झालेले मी पाहिलेले आहेत. ती हानी काल्पनिक नव्हती.

चादरवाला, एमआयडीसी

फसव्या फोनचे सोडा, धंदेवाईक अर्जदारांविषयी कोणी बोलणार आहे की नाही? माझ्या कारखान्याची बांधकाम परवानगी, कराची पावती, वीजजोडणीची कागदपत्रे एका गृहस्थाने मागवली आणि नंतर ‘चहाला या’ म्हणून निरोप पाठवला. मी त्रयस्थ पक्ष म्हणून लेखी हरकत घेतली होती, तरीही परवानगीची प्रत त्याला मिळाली. मालकाने ‘नाही’ म्हटल्यावर माहिती देताच येत नाही, असे कायदा सांगतो. तरी ती दिली गेली. असे कायदे कडक झाले तर मला आनंदच आहे.

पंढरपूर रोड

खंडणी मागणाऱ्यावर पोलिसांत तक्रार करा. त्याच्यामुळे माझ्या गावची यादी का अडवायची? ज्यांच्या कागदांत काही नसते, ते चहाच्या निरोपाला घाबरत नाहीत.

चादरवाला, एमआयडीसी

आपण मला चोर म्हणत आहात. माझे सर्व कागद स्वच्छ आहेत. प्रश्न कामगारांसमोर आणि बँकेसमोर होणाऱ्या बदनामीचा आहे. आपल्यासारख्यांना पगार पहिल्या तारखेला मिळतो, म्हणून अशी वाक्ये सुचतात.

कसब्यातील वकील

दोघांनीही आवाज थोडा कमी करावा. चादरवाले साहेब, आपला त्रास खरा आहे, पण कायदा आपण अर्धाच सांगितला. कलम 11 मध्ये त्रयस्थ पक्षाला पाच दिवसांत नोटीस जाते आणि त्याला दहा दिवसांत म्हणणे मांडता येते. ते म्हणणे विचारात घ्यायचे असते, पाळायचे नसते. निर्णय मान्य नसेल तर आपल्यालाही अपील होते. आपण ते केले नसावे. शिवाय हे कलम त्रयस्थ पक्षाने गोपनीय म्हणून दिलेल्या किंवा गोपनीय मानलेल्या माहितीपुरतेच आहे. बांधकाम परवानगी प्राधिकरणानेच दिलेली असते, आणि परवाने कोणाला दिले याचा तपशील तर 4(1)(ख)(13) प्रमाणे खुलाच ठेवायचा असतो. कलम 11 च्या परंतुकातही जनहित आहे : कायद्याने संरक्षित व्यापारी गुपिते सोडली, तर त्रयस्थाच्या संभाव्य हानीपेक्षा जनहित मोठे असल्यास माहिती देता येते. हे परंतुकही दुरुस्तीत तसेच राहिले आहे.

माजी अधिकारी साहेबांचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, आणि तो मी आनंदाने करत नाही. माहिती अधिकाऱ्याच्या हातातील निर्णय वर सरकला आहे. म्हणूनच 8(2) चा खरा उपयोग प्रथम अपिलापासून सुरू होतो असे मी मानतो, कारण तेथे बसणारा अधिकारी वरिष्ठ असतो आणि नस्ती त्याच्याच टेबलावर येते.

निवृत्त शिक्षक, मोहोळ

वकीलसाहेब, मग माझे काय? मी माझ्या सेवापुस्तिकेची आणि वेतननिश्चितीच्या टिपणीची प्रत मागितली, तर तीही ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली. व्यापक जनहित मी कोठून आणू? माझ्या निवृत्तिवेतनात गावाला काय रस असणार? एका परिचिताने थेट माहिती आयोगाकडे कलम 18 ची तक्रार करायला सांगितले, तशी केली आहे.

माजी माहिती अधिकारी

गुरुजी, आपली वाट कोणीतरी चुकवली. स्वतःचीच माहिती मागणाऱ्यापासून कोणाची खासगी बाब वाचवायची आहे? येथे जनहिताचा प्रश्नच येत नाही. तो नकार माझ्या हाताखालच्या माणसाने लिहिला असता, तर मी तो परत पाठवला असता. परंतु कलम 18 च्या तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, कागद देण्याचा आदेश देऊ शकत नाही. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हे स्पष्ट केलेले आहे. कागद हवा असेल तर कलम 19 च्या पायऱ्या चढाव्या लागतात. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवस झाले नसतील तर आजच प्रथम अपील करा, आणि झाले असतील तर विलंबाचे कारण लिहून करा. पुरेसे कारण असल्यास ते दाखल करून घेण्याची सोय आहे.

निवृत्त शिक्षक, मोहोळ

तक्रार करून सहा महिने गेले. आता कोणते कारण लिहू? परिचिताचे नाव लिहू का?

पंढरपूर रोड

गुरुजींची अवस्था पाहून माझेच म्हणणे सिद्ध होते. प्रथम अपील म्हणजे त्याच कार्यालयातील साहेबाने आपल्याच कारकुनाची चूक तपासणे. सुनावणीला गेलो की दोघे शेजारी बसलेले असतात. त्यानंतर दुसरे अपील माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, आणि तेथे तारीख लागेपर्यंत ज्या शेतात ठिबक दाखवले आहे तेथे उसाची तीन पिके निघून जातील.

कसब्यातील वकील

विलंबाविषयी आपल्याशी वाद घालणार नाही. माझ्याही कपाटात खंडपीठाची वाट पाहणारी प्रकरणे आहेत. पण प्रथम अपिलाचा आदेश आलाच नाही म्हणून लोक स्वस्थ बसतात आणि हक्क गमावतात, हे वारंवार दिसते. अपिलीय अधिकाऱ्याला 30 दिवस आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त 45 दिवस असतात. निर्णय आला तर तो मिळाल्यापासून, आणि आला नाही तर ज्या दिवशी यायला हवा होता त्या दिवसापासून 90 दिवसांत दुसरे अपील करायचे असते. आदेशाची वाट पाहत वर्ष काढले तर दोष आयोगाला देता येत नाही. आणि प्रथम अपिलात 8(2) लेखी मांडून ठेवले नसेल, तर आयोगापुढे पहिल्यांदा तो मुद्दा काढताना अवघड जाते.

माजी माहिती अधिकारी

एका गोष्टीचे उत्तर वकीलसाहेबांनी अजून दिलेले नाही. डेटा संरक्षण कायद्याच्या 38(2) मध्ये, इतर कायद्याशी विरोध आल्यास तोच कायदा वरचढ ठरेल, असे आहे. मग कलम 4 ची यादी तरी कशी टिकणार?

कसब्यातील वकील

विरोध असेल तर ना? त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये, कोणत्याही कायद्याने प्रसिद्ध करणे बंधनकारक असलेला आणि त्यानुसार प्रसिद्ध झालेला वैयक्तिक डेटा त्या कायद्याच्या बाहेर ठेवलेला आहे. लाभार्थी यादी प्रसिद्ध करण्याचे बंधन कलम 4 घालते. त्यामुळे माझ्या मते विरोध उद्भवतच नाही.

माजी माहिती अधिकारी

तो डेटा बाहेर जातो प्रसिद्ध झाल्यावर. कार्यालयाने यादी कधी लावलीच नसेल, तर अर्जावर ती देणाऱ्या कारकुनाला कलम 3 चे संरक्षण मिळते का? वरच्या न्यायालयाचा स्पष्ट निर्णय हातात येईपर्यंत मी त्याला सही करायला सांगणार नाही.

पंढरपूर रोड

म्हणजे यादी न लावण्याची चूक कार्यालयाने करायची आणि तिचा फायदाही कार्यालयानेच घ्यायचा. वा! वकीलसाहेब, आपला तो कलम 10 चा मजकूर येथे टाका; प्रथम अपिलाची माझी मुदत येत्या शुक्रवारी संपते आहे. आपल्यावर विश्वास बसला म्हणून करतो आहे असे मात्र समजू नका.

कसब्यातील वकील

लिहा : ‘यादीतील आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक व दूरध्वनी क्रमांक कलम 10 अन्वये वगळून उर्वरित रकाने द्यावेत. उर्वरित रकान्यांमुळे कोणत्या संरक्षित हितसंबंधाची कोणती हानी होते, हे आदेशात कारणांसह नमूद करावे.’ अपील टपालाने पाठवू नका. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.